वर्षभराचा तांदूळ व कडधान्य : बंद भांड्यातील साठवण आणि किडीपासून संरक्षण

रायगड जिल्ह्यात भाताच्या कापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वालाचे पीक घेतले जाते. फाल्गुनाच्या सुमारास वाल खळ्यावर येतात, झोडले जातात, वाळवून डब्यांत भरले जातात आणि डब्यांची झाकणे घट्ट बसविली जातात. ज्येष्ठात डबा उघडला असता पुष्कळ घरी एकच दृश्य दिसते : दाण्यादाण्याला वाटोळे भोक, तळाशी पांढुरके पीठ आणि वर धावणारे तपकिरी भुंगेरे. झाकण तर घट्ट होते. मग कीड आत शिरली कोठून, असा प्रश्न गृहिणी विचारते. याचे उत्तर असे की ती शिरली नाही. ती दाण्याबरोबरच आत भरली गेली होती.

पोलादी कोठी, खाद्यपदार्थांसाठीचे प्लॅस्टिकचे पिंप किंवा काचेची बरणी ही भांडी बाहेरची कीड, उंदीर आणि पावसाळ्याची दमट हवा अडवितात. परंतु आत असलेली कीड भांडे आपण होऊन लवकर मारीत नाही. म्हणून वर्षभराच्या साठवणीचे निम्मे काम झाकण लावण्यापूर्वीच पुरे झाले पाहिजे. ते काम तांदळासाठी एक प्रकारचे आणि कडधान्यासाठी दुसऱ्या प्रकारचे आहे.

दोन किडींच्या दोन तऱ्हा

तांदळात प्रामुख्याने सोंडकिडा आढळतो. यालाच बोलीत सोंडे किंवा पोरकिडे म्हणतात. मादी सोंडेने दाण्याला बारीक छिद्र पाडते, त्यात अंडे घालते आणि छिद्र चिकट द्रवाने बुजविते. अळी दाण्याच्या पोटात वाढते व महिना-सव्वा महिन्याने पूर्ण वाढलेला किडा बाहेर पडतो. हा किडा कित्येक महिने जगतो व स्वतःही दाणा खातो. मात्र धान्य जितके कोरडे, तितकी त्याची वाढ मंद होते. शिवाय कोंडा व कणी तांदळात राहिली तर पिठातील तांबडा भुंगेरा आणि जाळी करणारी अळी यांना आयतेच खाद्य मिळते. यावरून तांदळाचे रक्षण मुख्यतः कोरडेपणावर व स्वच्छतेवर अवलंबून आहे हे ध्यानात येईल.

कडधान्यावरील भुंगेऱ्याची, म्हणजे टोक्यांची, तऱ्हा निराळी आहे. मादी शेतातच पक्व होत आलेल्या शेंगांवर अंडी घालते. खळ्यावर व घरात ती सुट्या दाण्यांवरही अंडी चिकटविते. ही अंडी टाचणीच्या डोक्याहूनही लहान, पांढुरकी व दाण्याच्या सालीला घट्ट चिकटलेली असतात. अंड्यातून निघालेली अळी उघड्यावर न येता खालच्या खालीच साल पोखरून दाण्यात शिरते. पूर्ण वाढलेला भुंगेरा दाणा खात नाही व दोनेक आठवड्यांतच मरतो. पण तेवढ्यात एक मादी ऐंशी ते शंभर अंडी घालू शकते. उन्हाळ्याच्या उबेत अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा फेरा सुमारे महिन्याभरात पुरा होतो. चांगल्या वाळलेल्या दाण्यातही तो थांबत नाही, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. कडधान्य केवळ वाळविणे पुरेसे नसते; त्यातील अंडी व अळ्या उष्णतेने माराव्या लागतात.

हिशेबापुरते असे धरावे की मार्चच्या मध्यास डब्यात एकच मादी होती, तिच्या अंड्यांतून चाळीस भुंगेरे वाचले व त्यांतील निम्म्या माद्या निघाल्या. एप्रिलच्या मध्यास चाळीस, मेच्या मध्यास आठशे आणि जूनच्या मध्यास सोळा हजार भुंगेरे होतात. किलोभर वालात साधारण चार हजार दाणे धरले, तर प्रत्येक दाण्यात एक याप्रमाणे चार किलो वाल त्या एका मादीच्या वंशाने पोखरले. एप्रिलमध्ये डबा उघडणाऱ्यास काहीच विशेष दिसत नाही. जूनमध्ये दिसते, तेव्हा ऊन गेलेले असते.

वाल व इतर अख्ख्या कडधान्यांस ऊन देणे

झोडणीनंतर वाल उफणून, चाळून व निवडून घ्यावेत. भोक पडलेले, फुटके व सुरकुतलेले दाणे बाजूस काढावेत. मग दोन-तीन दिवस उघड्या उन्हात पातळ पसरून वाळवावेत. कडधान्यातील ओलावा शंभरात नऊ-दहा भागांवर नसावा. असा दाणा दाताखाली कट् असा आवाज करून तुटतो, दबत नाही. कृषि विज्ञान केंद्रात ओलावा मोजण्याचे यंत्र उपलब्ध असल्यास मूठभर दाणे तपासून घेणे अधिक चांगले.

वाळवणीनंतर उष्णता देण्याचे काम करावे. खळ्यावर किंवा अंगणात तीन-चार बोटे जाडीचा पेंढा पसरून त्यावर काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. पेंढ्यामुळे उष्णता जमिनीत उतरत नाही. काळ्या कागदावर वालाचा सुमारे दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटभर, जाडीचा थर पसरावा. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घालून चारही कडा दगडमातीने दाबून टाकाव्यात. एप्रिल-मे महिन्यांतील निरभ्र दिवशी सकाळी अकरापासून दुपारी तीनपर्यंत थर असाच झाकून ठेवावा. आतील दाणे ५७ अंश सेल्सियस तापमानास तासभर राहिले तर अंडी, अळी, कोष व भुंगेरा या चारही अवस्था मरतात. थराच्या मध्यभागी तापमापक ठेवून खात्री करता येते. तापमापक नसल्यास कागद उचलून दाणे मुठीत घ्यावेत. मूठ मिटून धरवत नसेल तर ऊन पुरेसे लागले असे सामान्यपणे समजावे. ढगाळ दिवशी हे काम करू नये.

या कामात दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक म्हणजे ओले वाल झाकणे. दाण्यातून निघालेली वाफ वरच्या कागदाला आतून धरते, तिचे थेंब पुन्हा दाण्यावर पडतात आणि उष्णताही चढत नाही. कागदाच्या आतल्या बाजूस दव दिसले तर तो काढून वाल आणखी एक दिवस उघडे वाळवावेत. दुसरी चूक म्हणजे ऊन दिलेले वाल रात्रभर ओटीवर उघडे ठेवणे. आसपासच्या जुन्या धान्यातील भुंगेरे त्यावर नव्याने अंडी घालतात व दिवसभराचा खटाटोप वाया जातो. वाल बंद खोलीत स्वच्छ कापडाखाली निवू द्यावेत आणि त्याच संध्याकाळी, दव पडण्यापूर्वी, भांड्यात भरावेत. गरम दाणा मात्र कदापि भरू नये. भांड्याची भिंत थंड होताच आत पाणी सुटते.

पेरणीसाठी ठेवायचे वाल वेगळे काढावेत. अधिक उष्णतेने उगवण बिघडू शकते, म्हणून बियाण्यास असे ऊन देण्यापूर्वी थोड्या दाण्यांवर उगवण पाहून घ्यावी.

तूरडाळ अख्ख्या तुरीपेक्षा चांगली टिकते. साल निघालेल्या, दुभंगलेल्या डाळीवर टोक्यांची वाढ फारशी होत नाही. डाळीला एरंडेल लावण्याची जुनी चाल याच कामी उपयोगी आहे. किलोमागे पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, तेल हाताने चोळावे. तेलाने अंडी नीट चिकटत नाहीत आणि घातलेली गुदमरतात. डाळीत चुरा राहू नये, कारण तांबडा भुंगेरा चुऱ्यावर वाढतो.

तांदळाची तयारी

सडलेला तांदूळ कडक उन्हात घालू नये. दाण्याला चिरा पडतात व शिजताना त्याची कणी होते. वाळवणी भाताचीच करावी आणि तांदळातील ओलावा शंभरात बारा-तेरा भागांवर जाणार नाही अशा बेताने भात गिरणीत न्यावे. गिरणीतून आलेला तांदूळ गरम असतो. तो सावलीत पसरून निववावा, मग चाळून व पाखडून त्यातील कोंडा व कणी काढून टाकावी.

तांदूळ फार ओला आहे काय हे पाहण्याची एक घरगुती कसोटी आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत दोन-तीन चमचे कोरडे मीठ घालून बाटली एकतृतीयांश तांदळाने भरावी, झाकण लावून काही मिनिटे हलवावी व पंधरा मिनिटे ठेवावी. मीठ काचेला चिकटून राहिले तर ओलावा पंधरा भागांहून अधिक आहे व असा तांदूळ साठवू नये. मीठ चिकटले नाही तर तांदूळ पंधराच्या खाली आहे एवढेच कळते. तो बारावर आला असे त्यावरून सिद्ध होत नाही.

हातसडीचा किंवा कोंडा न काढलेला तांदूळ वर्षभर ठेवण्याच्या भरीस पडू नये. कोंड्यातील तेल काही महिन्यांत खवट होते. असा तांदूळ खाणाऱ्या कुटुंबाने भात साठवावे व लागेल तसे सडून घ्यावे.

भांड्याची निवड

पोलादी कोठी किंवा पिंप उंदराला दाद देत नाही व मोठ्या साठ्यास सोयीचे असते. भारत सरकारने १९६५-६६ मध्ये सुरू केलेल्या धान्य वाचवा मोहिमेत पत्र्याच्या कोठ्यांचा प्रसार झाला तो याच कारणाने. परंतु कोठीचे झाकण सैल असेल तर दमट हवा आत जाते. झाकणाखाली रबरी कडे असावे किंवा सांध्यावर मेण अथवा रुंद चिकटपट्टी लावावी. पत्रा दिवसा तापतो व रात्री निवतो आणि त्यामुळे झाकणाच्या आतल्या बाजूस घाम धरतो. म्हणून कोठी उन्हात किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नये. ती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. कोकणच्या हवेत बूड गंजते. दरवर्षी रिकामी कोठी उजेडासमोर धरून छिद्रे तपासावीत.

प्लॅस्टिकचे पिंप खाद्यपदार्थांसाठीचेच असावे. त्यावर पेला व काटा यांचे चिन्ह पाहावे. पिंपाच्या बुडाशी त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा बहुधा असतो. औषधाचे, रंगाचे वा रसायनाचे जुने पिंप कितीही धुतले तरी धान्यासाठी वापरू नये. प्लॅस्टिक उंदीर कुरतडतात, म्हणून पिंप फडताळात किंवा उंच मांडणीवर ठेवावे. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हे किडीपासून संरक्षण नव्हे. दाण्यातील भुंगेरे ती आरपार पोखरतात.

काचेची बरणी सर्वांत हवाबंद असते व आत काय चालले आहे ते न उघडता दिसते. ती फुटते आणि उजेडाने कडधान्याचा रंग उतरतो, म्हणून ती अंधाऱ्या कपाटात ठेवावी. बियाणे, थोड्या प्रमाणातील कडधान्ये आणि रोजच्या वापरातील डाळी यांना काच उत्तम होय.

एका कुटुंबाचा हिशेब

उदाहरणादाखल पाच माणसांचे कुटुंब घ्यावे. रोज दीड किलो तांदूळ लागतो, म्हणजे वर्षास सुमारे साडेपाच क्विंटल. एक लिटर जागेत सुमारे ८०० ग्रॅम तांदूळ मावतो, म्हणून शंभर लिटरच्या पिंपात ८० किलो राहतो. अशी सात पिंपे भरली की ५६० किलो तांदूळ होतो व पाहुण्यांपुरताही थोडा उरतो. एवढ्या तांदळासाठी सुमारे साडेआठ क्विंटल भात सडावे लागते.

हाच तांदूळ एका मोठ्या कोठीत का भरू नये? दाण्यांमधील पोकळी भांड्याच्या सुमारे चार-दशांश असते. शंभर लिटरचे पिंप काठोकाठ भरले तर त्यात चाळीस लिटर हवा राहते. तेच पिंप अर्धे रिकामे झाले म्हणजे वरचे पन्नास व दाण्यांमधील वीस मिळून सत्तर लिटर हवा होते आणि तांदूळ मात्र निम्माच राहतो. भरलेल्या, बंद भांड्यात कीड राहिली तरी ती आतला प्राणवायू हळूहळू संपवून स्वतः मंदावते. रोज उघडल्या जाणाऱ्या अर्धवट भांड्यात तिला नवी हवा व नवा ओलावा मिळत राहतो.

कुटुंबाने १ फेब्रुवारीस पहिले पिंप उघडले तर ते ५३ दिवस पुरते. या क्रमाने तिसरे पिंप मेच्या मध्यास, चौथे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात व पाचवे सप्टेंबरच्या आरंभी उघडावे लागेल. सहावे व सातवे सबंध पावसाळाभर बंदच राहतात. उघडलेल्या पिंपातून दर दहा दिवसांनी १५ किलो तांदूळ रोजच्या डब्यात काढावा. त्यामुळे पिंप ५३ वेळा उघडण्याऐवजी पाच-सहा वेळाच उघडले जाते. हे काम कोरड्या दुपारी करावे. पाऊस कोसळत असताना झाकण काढू नये.

त्याच कुटुंबाचे ३२ किलो वाल वीस लिटरच्या दोन प्लॅस्टिक पिंपांत व ४८ किलो तूरडाळ तशाच तीन पिंपांत मावते. वालाला ऊन देण्यासाठी दोन मीटर लांब व एक मीटर रुंद एवढाच थर लागतो, म्हणजे एका दुपारचे काम. ऊन दिलेल्या वालांपैकी किलोभर काचेच्या बरणीत भरून ती नजरेसमोर ठेवावी. महिन्याने तिच्यात भुंगेरा दिसला तर ऊन कमी पडले असे समजावे आणि पाऊस लागण्यापूर्वी सर्व वालांना पुन्हा ऊन द्यावे. यासाठी पहिले ऊन एप्रिलमध्येच देणे इष्ट.

कीड ओळखणे व पुढील उपाय

दर महिन्यास भांड्यातून शंभर दाणे काढून उजेडात पाहावेत. पांढरे ठिपके म्हणजे अंडी. सालीखाली गोल, काळसर खिडकीसारखा डाग म्हणजे आत वाढलेला भुंगेरा. तांदळात गुठळी व जाळी, तळाशी पीठ, हाताला लागणारी ऊब ही किडीची खूण होय. कुबट वास व हिरवट-काळसर बुरशी ही ओलाव्याची खूण होय. बुरशीचे धान्य धुऊन वा शिजवून निर्दोष होत नाही. त्यातील विष शिजवण्याने जात नाही. असे धान्य जनावरांसही घालू नये.

पावसाळ्यात ऊन नसते. त्या वेळी थोड्या कडधान्यासाठी वा तांदळासाठी फ्रीजरचा उपयोग होतो. धान्य पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांत आठवडाभर ठेवावे आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या उबेस येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर दाण्यावर दव धरते.

वाळलेला कडुनिंबाचा पाला काही किडींना दूर ठेवतो, पण दाण्यातील अळी मारीत नाही. ओला पाला तर ओलावाच वाढवितो. पिंपात मेणबत्ती पेटवून झाकण लावण्याची पद्धतही भरवशाची नाही. हवेतील प्राणवायू २१ भागांवरून सुमारे १६ भागांवर उतरताच ज्योत विझते आणि तेवढ्या हवेत किडे खुशाल जगतात. खाण्याच्या तांदळाला बोरिक पावडर चोळू नये. ती पोटात जाण्याची वस्तू नव्हे.

सर्वांत मोठा धोका विषारी गोळ्यांचा आहे. जून महिन्यात कीड दिसली की कोणाकडून तरी अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी आणून डब्यात टाकण्याचा मोह होतो. ही गोळी हवेतील ओलाव्याने फॉस्फिन नावाचा वायू सोडते. घरगुती झाकण तो अडवू शकत नाही. तो फटींतून माणसे निजतात त्या खोलीत पसरतो. या विषावर उतारा नाही. भारतात या गोळ्यांचा वापर तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करण्याचे बंधन आहे. पूर्वी घरगुती कोठ्यांसाठी ईडीबीच्या काचेच्या कुप्या देत असत; त्यांवर आता बंदी आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी जुन्या पत्रकांतील ती शिफारस कोणास सांगू नये आणि कोणाच्या माळ्यावर अशी कुपी वा गोळी पडून असेल तर ती न उघडता कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांस कळवावे.

भांडी पुन्हा भरण्यापूर्वी जुने दाणे व पीठ झाडून काढावे, भांडे धुऊन उन्हात कोरडे करावे, आणि नवे धान्य जुन्यात कधीही मिसळू नये. जुन्यातील मूठभर दाणे नव्या पिंपात गेले की पुढील ज्येष्ठात तेच दृश्य पुन्हा दिसेल.